कर्जावर जादा व्याज लागलंय? बँकेला पत्र लिहिण्याआधी या चुका टाळा

बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षं गेली. आता निवृत्त झालोय, तरी नागपूरच्या बेस्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा ना कुणाचा कर्जाचा कागद घरी येतोच. मागच्या दिवाळीनंतर शेजारच्या वहिनी एक फाइल घेऊन आल्या. त्यात मंजुरीपत्र, खात्याचा उतारा, त्यांनी बँकेला लिहिलेलं पत्र आणि बँकेचं दोन ओळींचं उत्तर होतं. "काका, बँक जास्त व्याज लावून राहिली हे मला माहीत आहे. पण ते म्हणतात सगळं अटींप्रमाणेच आहे. मग मी खोटी पडले का?"

त्यांचा संशय खरा होता. पत्र मात्र चुकलं होतं. अशी पत्रं मी टेबलाच्या पलीकडे बसून शेकड्यांनी वाचली आहेत आणि खरी तक्रार असूनही ती कशी परत जातात हे पाहिलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी प्रकरण सांगतो. घरकर्ज २५ लाखांचं, मुदत २० वर्षं, सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर. मंजुरीपत्रात दर लिहिला होता ९ टक्के, आणि खाली बारीक अक्षरात त्याची फोड: रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५०, अधिक स्प्रेड, म्हणजे त्यावर बँकेने चढवलेला भाग, २.५०. हप्ता २२,४९३ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. २०२५ मध्ये जूनपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो तीनदा उतरवला: ७ फेब्रुवारीला ६.२५, ९ एप्रिलला ६.०० आणि ६ जूनला ५.५०. बातम्या वाचून वहिनींनी पत्रात लिहिलं की फेब्रुवारीपासून दर कमी व्हायला हवा होता, तो तुम्ही केला नाही, आमची फसवणूक झाली, जादा घेतलेले सगळे पैसे परत करा.

पहिली चूक: टक्केवारी वाचली, अट वाचली नाही

फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराच्या मंजुरीपत्रातला "९ टक्के" हा फक्त त्या दिवसाचा दर असतो. भांडण करायचं ते त्याखालच्या तीन गोष्टींवर: दर कशाला बांधलाय, स्प्रेड किती आणि रीसेट, म्हणजे दर नव्याने ठरणं, कधी. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर रीसेट करावा लागतो. म्हणजे रेपो आज उतरला तर तुमचा दर आजच उतरेल असं नाही, तो पुढच्या रीसेटच्या तारखेला उतरेल.

वहिनींच्या मंजुरीपत्रात रीसेट दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला, त्या दिवशीच्या रेपोनुसार, असं स्पष्ट होतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या कपातीचा फायदा १ एप्रिलपासून मिळणार: ६.२५ अधिक २.५०, म्हणजे ८.७५. बँकेने तो १ एप्रिललाच दिला होता. फेब्रुवारी-मार्चची मागणी चुकीची होती आणि तेवढं एक वाक्य धरून बँकेने सगळं पत्र फेटाळलं. खरा घोटाळा पुढे होता. एप्रिल आणि जूनच्या दोन्ही कपाती १ जुलैला एकदम लागू व्हायला हव्या होत्या, म्हणजे दर ५.५० अधिक २.५०, ८ टक्के. उताऱ्यावरून दिसत होतं की जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने ८.७५ नेच व्याज लागलं आणि १ ऑक्टोबरला दर ८ वर आला. जुलैचा एक रीसेट राहून गेला होता.

स्प्रेडही तपासून घ्या. त्यातला तुमच्या पतजोखमीचा भाग बँक मनात येईल तेव्हा वाढवू शकत नाही. तुमच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच, तोही करारात ठरल्याप्रमाणे. पण पगाराचं खाते आमच्याकडे ठेवाल तर इतकी सूट, अशी अट असेल आणि तुम्ही पगार दुसऱ्या बँकेत नेला असेल, तर सूट गेल्याची तक्रार टिकणार नाही.

दुसरी चूक: हप्ता पाहिला, व्याजाची नोंद पाहिली नाही

वहिनी म्हणाल्या, "हप्ता तर तोच कटून राहिला, मग जास्त गेलं कुठं?" इथेच बहुतेक लोक फसतात. दर चुकला तरी हप्ता तोच राहतो. व्याज जास्त खातं आणि मुद्दल कमी फिटतं. जादा रक्कम खिशातून आज जात नाही, ती शिल्लक कर्जात बसते आणि तिच्यावर पुढे व्याज चढत राहतं. म्हणून उताऱ्यात हप्त्याची ओळ सोडा आणि महिनाअखेरीची व्याज नावे टाकल्याची ओळ शोधा. विलंबशुल्क, विमा, तपासणी खर्च या ओळी त्यात मिसळू नका. त्यांची तक्रार वेगळी असते, आणि एका पत्रात सगळं कोंबलं की बँक सोप्या मुद्द्याचं उत्तर देऊन मोकळी होते.

पुष्कळ उताऱ्यांत दर छापलेलाच नसतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार हप्त्याच्या फ्लोटिंग कर्जावर बँकेने तिमाहीला एक विवरण द्यायचं असतं. त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतो. ते मागून घ्या.

तिसरी चूक: बाराने भागून हिशेब

हा भाग सावकाश वाचा, कारण पत्राचा सगळा जोर इथे आहे. वर्षाचं व्याज काढून बाराने भागलं की आकडा बँकेशी जुळत नाही, कारण बँक रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजते. वहिनींचं १ जुलैचं शिल्लक कर्ज २४,१५,००० होतं. बाराने भागून ८.७५ टक्क्यांनी जुलैचं व्याज १७,६०९ येतं आणि उताऱ्यात होतं १७,८०२. हा १९३ रुपयांचा फरक पद्धतीचा आहे, त्यात बँकेची चूक नाही. तो मागितलात तर पुढचा खरा मुद्दाही ऐकला जात नाही.

बरोबर हिशेब असा. १ ते ४ जुलै, चार दिवस शिल्लक २४,१५,०००. ५ तारखेला हप्ता जमा होऊन शिल्लक २३,९२,५०७, ती ३१ पर्यंत सत्तावीस दिवस. प्रत्येक शिल्लक तिच्या दिवसांनी गुणून बेरीज केली की ७,४२,५७,६८९ येते. याला टक्क्यांतल्या दराने गुणून ३६,५०० ने भागायचं. ८.७५ ने १७,८०२ येतात, म्हणजे अगदी उताऱ्यातला आकडा. ८ टक्क्यांनी येतात १६,२७६. जुलैचा फरक १,५२६ रुपये.

उलटही करता येतं. उताऱ्यातलं व्याज गुणिले ३६,५००, भागिले ती बेरीज, की बँकेने प्रत्यक्षात लावलेला दर टक्क्यांत हाती येतो. माझी एक सवय सांगतो: ज्या महिन्याच्या दराबद्दल वाद नाही असा एक महिना आधी याच रीतीने मोजून पाहा. वहिनींचा मे महिना आम्ही मोजला, ८.७५ ने आकडा रुपयापर्यंत जुळला, तेव्हाच जुलैला हात घातला. वादात नसलेला महिनाच जुळत नसेल तर तुमची पद्धत किंवा हप्ता जमा होण्याची तारीख कुठेतरी चुकतेय. ती सापडेपर्यंत पत्र लिहू नका.

पुढच्या महिन्याचा बरोबर हिशेब जुलैच्या दुरुस्त शिल्लकेवरून चालू करायचा, बँकेच्या चुकीच्या शिल्लकेवरून नाही. असं केल्यावर ऑगस्टचा फरक १,५३४ आणि सप्टेंबरचा १,४९१ आला. ३० सप्टेंबरला एकूण जादा ४,५५१ रुपये. दोन्ही शिल्लकांमधला फरकही तेवढाच निघायला हवा, आणि तो निघाला.

चौथी चूक: पत्रात राग आहे, मागणी नाही

"फसवणूक", "लूट" हे शब्द काढून टाका. शाखेतल्या माणसाला हे पत्र वरच्या कर्ज केंद्राकडे पाठवायचं असतं. तिथे बसलेल्याला अट, तारीख आणि आकडा एका नजरेत दिसला तर तो खातं उघडून पाहतो. वहिनींचं दुसरं पत्र आम्ही पानभरात बसवलं. त्याचा गाभा असा:

"मंजुरीपत्रातील व्याजाच्या अटीनुसार दर रेपो अधिक २.५० असून तो प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या तारखेला बदलायचा आहे. १ जुलै २०२५ रोजी रेपो ५.५० होता, त्यामुळे दर ८.०० हवा होता. उताऱ्यानुसार १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात ८.७५ दराने व्याज आकारले आहे. ३० सप्टेंबरपर्यंत जादा व्याज ४,५५१ रुपये होते; महिनावार तक्ता जोडला आहे. कृपया ही आकारणी मूळ तारखांपासून उलटवून त्यापुढील व्याजही दुरुस्त करावे आणि दुरुस्त उतारा द्यावा. दर बरोबर होता असे आपले म्हणणे असल्यास कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावे."

"मूळ तारखांपासून" हे शब्द सोडू नका. नुसते ४,५५१ आजच्या तारखेला जमा झाले, तर त्या रकमेवर मधल्या काळात चढलेलं व्याज तुमच्याच माथी राहतं. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं. "अटींनुसारच आहे" एवढ्यावर बँकेला थांबता येत नाही, अटीचा क्रमांक द्यावा लागतो.

सोबत मंजुरीपत्राचं ते पान, वादाच्या महिन्यांचा उतारा आणि तक्ता जोडा. मूळ कागद देऊ नका.

पाचवी चूक: काउंटरवर सांगून परत येणं, नाहीतर थेट संविधान चौक गाठणं

तोंडी तक्रारीला तारीख नसते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेची पोच घ्या किंवा बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकून तक्रार क्रमांक जपून ठेवा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची इमारत शहराच्या मधोमध, संविधान चौकात असल्यामुळे बरेच जण पहिल्याच दिवशी तिकडे जातात. पण बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तुमची तक्रार विचारात घेत नाही. बँकेला ३० दिवस द्यावे लागतात. त्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे पहिल्या पत्राची पोच लागते, आणि ही तक्रार करायला फार दिवस लावू नका.

या काळात हप्ता अडवू नका, त्यातून फरकही कापून घेऊ नका. व्याजाचा वाद साडेचार हजारांचा असतो, पण थकलेला हप्ता विलंबशुल्क आणि सिबिलची नोंद घेऊन येतो, आणि बँकेला तुमच्याविरुद्ध बोलायला जागा मिळते.

वहिनींनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोच घेऊन पत्र दिलं. महिना संपायच्या आत शाखेतून फोन आला की तो रीसेट त्यांच्या खात्यावर चढलाच नव्हता. नव्या उताऱ्यात चार जमा नोंदी होत्या: १,५२६, १,५३४, १,४९१ आणि शेवटी ३१ रुपये. वहिनींनी त्या ३१ वर बोट ठेवून विचारलं, "हे कशाचे?" ते ४,५५१ वरचं ऑक्टोबरचं व्याज होतं.