रिअ‍ॅक्शन व्हिडिओ उचललेला वाटू नये, म्हणून शीर्षक आणि वर्णन कसं लिहावं

व्हिडिओ कापून तयार आहे, मूळ व्हिडिओचे तुकडे छोटे आहेत आणि बोलणं मुख्यतः तुमचंच आहे, हे मी धरून चालतो. तसं नसेल तर पुन्हा एडिटिंगला बसा, कारण शीर्षक-वर्णनाने ती उणीव भरून निघत नाही.

यूट्यूबवर कमाईसाठी चॅनेल तपासलं जातं तेव्हा तपासणारे प्रत्येक व्हिडिओ पाहत नाहीत. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले आणि नवे व्हिडिओ, आणि त्यांची शीर्षकं, थंबनेल, वर्णनं एवढं ते बघतात. मूळ व्हिडिओवर भाष्य करणारी रिअ‍ॅक्शन चालते, पण भाष्य आहे हे तिथे दिसायला हवं.

नाशिक जिल्ह्यात शेतीवर बोलणारे बरेच चॅनेल आहेत, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. समजा, निफाडचा एक कांदा उत्पादक एका व्हायरल व्हिडिओवर बोलतोय. त्या व्हिडिओत सगळीकडून बंद खोलीत लाल कांद्याचा ढीग आहे आणि तो कित्येक महिने टिकेल असा दावा आहे. यावर ‘कांदा साठवणूक व्हायरल व्हिडिओ रिअ‍ॅक्शन’ असं शीर्षक टाकलं, तर त्यात या शेतकऱ्याचं काहीच नाही. ‘लाल कांदा बंद खोलीत टिकेल? निफाडच्या कांदाचाळीत उभं राहून उत्तर’ असं लिहिलं की प्रश्न, माणूस आणि जागा तिन्ही आले. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्याआधीच ते तुटतं, म्हणून तुमचा मुद्दा सुरुवातीलाच घ्या.

खरी अडचण वर्णनाची. मी इथेच सर्वांत जास्त अडखळायचो, कारण हात आपोआप मूळ व्हिडिओचा सारांश लिहायला लागतो. त्यावर उपाय एकच: एडिट झालेला व्हिडिओ कागद घेऊन पाहा आणि मूळ व्हिडिओत नसलेलं, फक्त तुम्ही बोललेलं तेवढंच टिपा. त्यातून पहिल्या दोन-तीन ओळी लिहा, कारण ‘आणखी’वर टिचकी मारण्याआधी तेवढंच दिसतं. आपल्या शेतकऱ्याच्या ओळी अशा होतील: ‘बंद खोलीत लाल कांदा साठवायचा सल्ला मला पटत नाही. लाल कांदा साठवणुकीचा नाहीच, त्यासाठी उन्हाळी कांदा लागतो. आणि हवा खेळली नाही तर तोही सडतो. माझ्या चाळीत खालून हवा कशी येते ते दाखवलंय.’ आता कसोटी लावा. हेच वर्णन मूळ व्हिडिओखाली चिकटवलं तर शोभेल का? शोभत असेल तर ते खोडा आणि नव्याने लिहा.

मग वर्णनातले चॅप्टर, म्हणजे व्हिडिओचे वेळेनुसार भाग. त्यांची नावं तुमच्या मुद्द्यांची ठेवा:

```
0:00 दावा काय आहे
1:10 लाल कांदा का टिकत नाही
4:35 माझी चाळ, खालून येणारी हवा
7:50 त्यांचं बरोबर काय आहे
```

पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन टाइमस्टॅम्प चढत्या क्रमाने हवेत आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा हवा. मूळ व्हिडिओचं नाव आणि लिंक याखाली द्या, पहिल्या ओळीत नको. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, हेही लक्षात असू द्या.

वर्णनात ‘कॉपीराइट कायदा १९७६, कलम १०७’ असा इंग्रजी परिच्छेद चिकटवायचा सल्ला मला अजिबात सहन होत नाही. तो अमेरिकेचा कायदा आहे. आपल्याकडे १९५७च्या कायद्यातलं कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं, पण तेही वर्णनात लिहिल्याने लागू होत नाही, केलेल्या वापरावरून ठरतं. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा चित्र आणि आवाज जुळवते, वर्णन वाचत नाही. म्हणजे कॉपीराइटचा दावा यायचा असेल तर तो उत्तम वर्णन असूनही येईल. आणि फक्त हाच परिच्छेद असलेलं वर्णन तपासणाऱ्याला तुमच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही.

थंबनेलवर मूळ व्हिडिओचं थंबनेल आणि कोपऱ्यात तुमचा गोल चेहरा नको. हातात सडका कांदा धरून चाळीसमोर काढलेला तुमचा फोटो घ्या. टॅग चार-पाच पुरेत. त्यांचा उपयोग नगण्य आहे, आणि ते वर्णनात ओतणं नियमाविरुद्ध आहे.

जुने व्हिडिओ दुरुस्त करायचे असतील तर सर्वाधिक पाहिलेल्यांपासून सुरुवात करा, मग सगळ्यात नवे घ्या. चॅनेलच्या माहितीतही तुम्ही कोण, कुठे पिकवता आणि कोणत्या दाव्यांवर बोलता हे दोन ओळींत लिहा. तपासणारे तेही उघडतात.