कामगार कपात: यादीत नाव कुणाचं येणार, हे ठरवण्याआधीची तयारी

ही तयारी तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यासाठी आहे. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते आणि तो रस्ताच वेगळा आहे. (जुन्या कायद्यात ही मर्यादा शंभरची होती.) तीनशेच्या खाली परवानगी लागत नाही, म्हणून निवडीची सगळी जबाबदारी मालकावर आणि एचआरवर येते. मॅनेजर आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेले सुपरवायझर या तरतुदींत येत नाहीत. इथलं सगळं यंत्रावर, स्टोअरमध्ये आणि ऑफिसात काम करणाऱ्या कामगारांबद्दल आहे.

चाकणच्या बाजूचा एक कारखाना डोळ्यांपुढे धरू. एकूण 160 कामगार, त्यातले मशीन ऑपरेटर 28. व्हीएमसीवर 11, सीएनसी लेथवर 17. व्हीएमसीवर होणाऱ्या एका पार्टची ऑर्डर गेली आहे आणि पाच ऑपरेटर कमी करायचे आहेत.

नावांचा विचार सुरू करण्याआधी प्रवर्ग, म्हणजे एकाच प्रकारचं काम करणाऱ्या कामगारांचा गट, ठरवा. कायद्याचा नियम असा आहे: वेगळा करार नसेल, तर त्या प्रवर्गात जो शेवटी लागला तो साधारणपणे आधी जातो. दुसऱ्या कुणाला काढायचं असेल, तर कारण लेखी नोंदवावं लागतं. म्हणजे प्रवर्गाची रेघ कुठे मारली, यावरच निम्मा निकाल लागतो, आणि सर्वात मोठा अन्याय याच पायरीवर कुणाच्या लक्षात न येता होतो. आपल्या उदाहरणात व्यवस्थापन म्हणेल की काम व्हीएमसीचं गेलं, तर पाचही जण व्हीएमसीचेच काढू. तसं केलं तर त्या अकरांतला खालून पाचवा माणूस नऊ वर्षं जुना निघतो आणि लेथवरचे दोन-दोन वर्षांचे ऑपरेटर राहतात. म्हणून गेल्या बारा महिन्यांचे शिफ्टचे तक्ते काढा. माणसं लेथवरून व्हीएमसीवर आणि व्हीएमसीवरून लेथवर जात असतील, दोघांची श्रेणी आणि पगार सारखा असेल, तर तो एकच प्रवर्ग आहे आणि यादी अठ्ठावीस जणांचीच करावी लागेल. खरोखर कुणीच कधी दुसऱ्या यंत्राला हात लावला नसेल आणि नेमणूकपत्रांतही काम वेगळं लिहिलेलं असेल, तरच दोन याद्या करा. आणि याच यंत्रांवर ठेकेदाराचे कामगार असतील, तर त्यांचं काय करणार हे आधी कागदावर आणा. तेच काम ठेक्यावर चालू ठेवून कायम कामगार काढले, तर पुढचं कुठलंही स्पष्टीकरण टिकणं अवघड आहे.

मग ज्येष्ठता यादी करा. रुजू झाल्याची तारीख संगणकातून न उचलता नेमणूकपत्र, हजेरीपट आणि पीएफचं खातं अशा तीन ठिकाणी ताडून पाहा. गोंधळ ठरलेल्या जागी होतो. कुणाला कायम केल्याची तारीखच रुजू तारीख म्हणून चढवलेली असते. कुणी आधी ठेकेदाराकडे होता आणि मग कंपनीत आला. कुणाच्या नोकरीत कागदावर खंड दिसतो, पण तो अपघाताच्या रजेचा असतो. मंजूर रजा, आजारपण, प्रसूती रजा, कामावरचा अपघात यांनी सेवा तुटत नाही. दोघे एकाच दिवशी लागले असतील तर वरचा कोण, हा नियम आधीच लिहून ठेवा. वयाने मोठा तो वर, हा नियम सोपा आहे आणि तपासताही येतो. नावं दिसल्यावर केलेल्या नियमावर कुणाचा विश्वास बसत नाही.

यादी सूचना फलकावर लावा. औद्योगिक विवादांच्या 1957च्या मुंबई नियमांत कपातीच्या निदान सात दिवस आधी ती लावायला सांगितलं होतं. आता राज्याचा कोणता नियम लागू आहे ते वकिलाकडून पक्कं करून घ्या, पण सात दिवसांपेक्षा कमी मुदत कधीच देऊ नका. चूक असेल तर ती याच सात दिवसांत कामगार स्वतः दाखवून देतो. हरकतीचा अर्ज कुणाकडे द्यायचा ते यादीखालीच लिहा आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या.

कामगिरीचा निकष बहुतेक मालकांना सर्वात जवळचा वाटतो, आणि तो पूर्णपणे टाकून द्यावा असंही नाही. पण त्याला पुरावा लागतो. स्वदेशमित्रन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1960मध्ये सांगितलं की ज्येष्ठतेचा क्रम मोडायचा असेल तर त्याला भरवशाचा पुरावा हवा, आणि शक्यतो तो त्या कामगाराच्या आधीपासूनच्या नोंदींतला हवा. अकार्यक्षमता, बेभरवशीपणा किंवा सततची अनियमितता त्यातून दिसली पाहिजे. म्हणून कपातीचा विषय निघाला ती तारीख लिहा आणि त्यानंतर झालेली कुठलीही मूल्यमापनं बाजूला ठेवा. त्याआधीच्या तीन वर्षांचे मेमो, हजेरी, रिजेक्शनच्या नोंदी आणि प्रशिक्षणाचे कागद एवढंच वापरा. सुपरवायझरकडून आता नव्याने गुण मागवले की काय होतं, ते फाइल उघडताच दिसतं: सगळ्यांचे फॉर्म एकाच दिवशी भरलेले, जायच्या नावांना सरसकट ‘साधारण’ आणि त्याच माणसांना गेल्या वर्षी ‘चांगला’.

रिजेक्शनचा आकडा वापरणार असाल, तर तो यंत्र आणि शिफ्ट पाहून वाचा. जुन्या, ढिल्या स्पिंडलच्या यंत्रावर रात्रपाळीला असलेल्या माणसाचे पार्ट जास्त रिजेक्ट होणारच. एकाच यंत्रावर, एकाच पार्टवर, दोन-तीन महिने काम केलेल्यांचीच तुलना करा. तेवढी नोंद नसेल तर हा आकडा सोडून द्या. हजेरीतून प्रसूती रजा आणि ईएसआयची रजा वगळा. आणि एखाद्याच्या गैरवर्तनाची तक्रार असेल तर तिची रीतसर चौकशी करा. कपातीच्या आडून त्याला काढलं, तर ती शिक्षाच ठरते आणि न्यायालय तिच्याकडे तसंच पाहतं.

आता आपल्या यादीतले शेवटचे पाच, म्हणजे क्रमांक 24 ते 28. यातल्या 26व्या माणसाला ठेवायचं आहे, कारण फोर्थ अ‍ॅक्सिसचं सेटिंग त्याच्याशिवाय एकालाच येतं. इथे एकच प्रश्न विचारा: वरच्या कुणाला ते शिकायला किती दिवस लागतील? दोन आठवडे पुरत असतील, तर हे कारण होऊ शकत नाही, कुणाला तरी शिकवा. चार-पाच महिने लागणार असतील, दोन शिफ्टना दोन माणसं लागत असतील आणि त्याच्या प्रशिक्षणाचा कागद जुन्या तारखेचा असेल, तर अपवाद टिकतो. मग 26 राहतो आणि त्याच्या जागी 23 जातो. हे कारण 23व्या माणसाच्या नावाने, त्याला समजेल अशा चार ओळींत लिहा आणि ते त्याला द्या. ‘व्यवस्थापनाच्या सोयीसाठी’ असं लिहिलेला कागद असून नसल्यासारखा. पाचांतले तीन अपवाद होऊ लागले, तर मात्र नियमच बाजूला पडला आहे असं समजून पुन्हा पहिल्यापासून बसा.

घरच्या अडचणींचा निकष सर्वात अवघड आहे. क्रमांक 25ची बायको आजारी आहे आणि तिचे उपचार ईएसआयच्या दवाखान्यात चालू आहेत, हे सगळ्या शॉपला माहीत आहे. त्याला वाचवावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्याच्या जागी ज्याला पाठवाल, त्याच्या घरी काय चाललं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. जो बोलतो तो वाचतो आणि जो लाजेपोटी गप्प राहतो तो जातो. ‘घरात दुसरं कुणी कमावतं का’ या प्रश्नाने तर बायका आणि अविवाहित मुलंच आधी बाहेर पडतात. म्हणून कुणाला काढायचं, या प्रश्नात अडचण आणू नये असं आमचं ठाम मत आहे. कसं आणि कधी काढायचं, यात मात्र तिला पूर्ण जागा द्यावी.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतात. यादी लागण्याआधी स्वेच्छेने जाणाऱ्यांना पंधरा दिवसांची मुदत द्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला किंवा गावी शेती पाहायला जायचं असलेला एखादा निघतोच, आणि तेवढं एक नाव यादीतून वाचतं. दुसरी गोष्ट म्हणजे अदलाबदल: वरचा माणूस आपण होऊन खालच्याऐवजी जायला तयार असेल, तर दोघांच्या सहीचा अर्ज घ्या. युनियन असेल तर ही सोय करारातच लिहून घ्या, कारण करार असेल तर ज्येष्ठतेपेक्षा वेगळा क्रम लावायला कायदाच मोकळीक देतो.

तिसरी गोष्ट तारखेची. ईएसआयच्या चालत आलेल्या नियमाप्रमाणे एप्रिल ते सप्टेंबर या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा लाभ मिळतो. क्रमांक 25 गेल्या ऑक्टोबरपासून सलग कामावर आहे, त्यामुळे येत्या डिसेंबरपर्यंत त्याची सोय आहेच. त्याला जूनच्या मध्यावर सोडलं तर 78 दिवस भरत नाहीत आणि उपचार डिसेंबरला थांबतात. जुलैच्या मध्यावर सोडलं तर ते पुढच्या जूनपर्यंत चालतात. फरक एका महिन्याच्या पगाराचा आहे. तारीख ठरवण्याआधी ईएसआयच्या शाखेत जाऊन त्याच्या नावाचे दिवस मोजून घ्या, आणि तारीख पाचही जणांना एकच द्या, म्हणजे कुणा एकावर मेहेरबानी झाली असं होत नाही. कुणी ईएसआयच्या आजारपणाच्या किंवा प्रसूतीच्या रजेवर असेल तर त्या काळात त्याला काढण्यावर बंधनं आहेत, ते वेगळं तपासा.

पैशांचा हिशेब आदेशाच्या दिवशी तयार हवा. वर्षभर, म्हणजे निदान 240 दिवस, काम केलेल्याला एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांची सरासरी मजुरी. सहा महिन्यांवरचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. क्रमांक 23ची सेवा 5 वर्षं 8 महिने आणि मजुरी 20,000 रुपये असेल, तर 6 वर्षं धरून, अर्ध्या महिन्याचे 10,000 या हिशेबाने, 60,000 रुपये. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचा पगार याहून वेगळे. नव्या संहितेप्रमाणे 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची असते आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जाते. भरपाई ‘फुल अँड फायनलच्या वेळी देऊ’ म्हणून मागे ठेवू नका. ती कपातीची पूर्वअट आहे, आणि पैसे त्याच वेळी दिले नाहीत तर निवड कितीही योग्य असली तरी कपातच बेकायदा ठरते. सरकारला द्यायची नोटीसही त्याच फाइलमध्ये लावा.

शेवटी जाणाऱ्या पाचही जणांचा कायमचा पत्ता आणि दोन फोन नंबर एका वहीत घ्या. एका वर्षाच्या आत त्या कामावर माणूस घ्यायचा झाला, तर आधी या पाचांना विचारावं लागतं आणि त्यांना अग्रक्रम द्यावा लागतो. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, उत्तराला मुदत द्या आणि पोचपावती जपून ठेवा. वर्ष संपेपर्यंत ही वही भरतीचं काम पाहणाऱ्याच्या टेबलावर असावी, कारण तिसऱ्याच महिन्यात ऑर्डर वाढते आणि सुपरवायझर ठेकेदाराला फोन करतो.