बुकमार्क सिंक आहेत, म्हणून बॅकअप नको? ही चूक टाळा

नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या दुकानाचा लॅपटॉप घ्या. तो आणि मालकाचा फोन एकाच गुगल खात्याने सिंक आहेत, म्हणजे दोन्हीकडे बुकमार्कची एकच यादी दिसते. क्रोममध्ये ‘कर-बिल’ या फोल्डरात महापालिकेचा मालमत्ता कर, महावितरणचं बिल आणि जीएसटीचं पान आहे, तर ‘कळमना’ फोल्डरात बाजारभावाची पानं. मालक फोनवर नको असलेले बुकमार्क काढायला बसतात आणि चुकून अख्खं ‘कळमना’ पुसतात. इंटरनेट चालू असेल तर थोड्याच वेळात लॅपटॉपवरूनही ते जातं. सिंक पुसलेलंही तितक्याच इमानदारीने सगळीकडे पोचवतं.

पुसल्यावर फोनवर खाली काही क्षण Undo दिसतं. ते हुकलं तरी लॅपटॉप बंदच असेल, तर फोल्डर बहुधा वाचतं. लॅपटॉप सुरू करा, पण क्रोम उघडण्याआधी वायफाय बंद करा. लॅपटॉपला पुसल्याची खबर अजून नसल्याने जुनी यादी तिथे शाबूत असते. Ctrl+Shift+O दाबून बुकमार्क मॅनेजर उघडा, वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून Export bookmarks निवडा आणि फाइल डेस्कटॉपवर ठेवा. ती फाइल दोनदा क्लिक करून उघडा आणि ‘कळमना’ दिसतंय ना, ते बघा. मगच वायफाय लावा.

आता लॅपटॉपवरूनही फोल्डर जाईल, जाऊ द्या. त्याच तीन ठिपक्यांतून Import bookmarks करा. इथे पुढची चूक होते: इम्पोर्ट जुन्या यादीत मिसळत नाही, सगळं Imported नावाच्या वेगळ्या फोल्डरात येतं आणि प्रत्येक लिंक दोनदा दिसू लागते. त्यातून फक्त ‘कळमना’ ओढून जागेवर न्या, उरलेलं Imported पुसून टाका.

ही धावपळ नको असेल तर महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करा आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. हे काम लॅपटॉपवरच करायचं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्सपोर्टची सोय नाही.

‘सिंकच होत नाही’ या तक्रारीत बहुतेकदा फोनवर घरचं आणि लॅपटॉपवर दुकानाचं खातं असतं. दोन्हीकडे प्रोफाइलच्या चित्रावर दाबून ईमेल जुळवा, मग सेटिंगमध्ये Bookmarks चालू आहे का ते पाहा. तेही बरोबर असेल, तर लॅपटॉपच्या मॅनेजरमध्ये डावीकडे Mobile bookmarks उघडा. फोनवर जतन केलेलं पुष्कळदा तिथे पडून असतं आणि माणूस वरच्या पट्टीत शोधत बसतो. ते ओढून योग्य फोल्डरात टाकलं की फोनवरही त्याच फोल्डरात दिसतं. फोल्डर मात्र मोजकी ठेवा. फोल्डरात फोल्डर घातलं की फोनच्या छोट्या पडद्यावर शोधणं जिवावर येतं.

फायरफॉक्स वापरत असाल तर Restore जपून दाबा. तिथे जेएसओएन फाइलवरून Restore केलं की सध्याचे सगळे बुकमार्क जाऊन फाइलमधले येतात. फक्त भर घालायची असेल तर एचटीएमएल फाइल इम्पोर्ट करा.