पायात अनपेक्षित जमीन लागली तर: विलंबखर्चाच्या दाव्यातील या चुका टाळा

खानदेशात पुलाचा पाया खोदताना खाली काय लागेल याचा अंदाज बांधणे कठीण असते. तापीच्या काठी खोल गाळ आहे, धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टमधून डाइक, म्हणजे उभ्या भिंतीसारखे घुसलेले खडक, गेलेले आहेत, आणि बेसाल्टच्या दोन थरांमध्ये पाण्याने मऊ पडणारा तांबडा ‘रेड बोल’ सापडतो. या तांबड्या थराचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ, कारण दाव्यातील बहुतेक चुका त्यात दिसतात.

धुळे जिल्ह्यातील एका पुलाचे कंत्राट फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुना कंत्राटावर, म्हणजे लाल पुस्तकावर, आधारलेले आहे. १२ डिसेंबरला पिअर पी-२, म्हणजे पुलाच्या एका खांबाच्या, खोदकामात ठरलेल्या पातळीवर खडक लागला, पण तो पाऊण मीटरच जाड निघाला आणि त्याखाली रेड बोल होता. जमीन तपासण्यासाठी पुन्हा बोअर घेण्यास १२ दिवस, सुधारित ड्रॉइंगला २१ दिवस आणि जास्तीच्या खोदकामाला व काँक्रीटला २८ दिवस लागले. म्हणजे १० फेब्रुवारीपर्यंत एकूण ६१ दिवस गेले.

पहिली चूक नोटिशीची. कंत्राटदार सुधारित ड्रॉइंग हाती येण्याची, म्हणजे १३ जानेवारीची, वाट पाहतो आणि मग पत्र लिहितो. परंतु कलम २०.१ मधील २८ दिवसांची मुदत घटना लक्षात आल्यापासून, किंवा लक्षात यायला हवी होती तेव्हापासून मोजली जाते. येथे ती ९ जानेवारीला संपते आणि उशिरा दिलेल्या नोटिशीने दावाच बाद होऊ शकतो. खर्चाचा आकडा माहीत नसला तरी नोटीस देता येते. तांबडा थर दिसला त्याच दिवशी फोटो, पातळी आणि कामातील अडथळे लिहिण्याच्या हिंड्रन्स रजिस्टरमधील नोंद तयार ठेवावी.

दुसरी चूक ‘अनपेक्षित’ हा शब्द सिद्ध न करता वापरण्याची. दख्खनच्या बेसाल्टमध्ये रेड बोल असतो हे अनुभवी कंत्राटदाराला माहीत असायला हवे, असा आक्षेप हमखास येतो, आणि तो वाजवीही असतो. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. निविदेतील बोअर लॉग उघडून दाखवावे लागते की सर्वांत जवळचा बोअर पी-२ पासून ४२ मीटर दूर होता, त्यात त्या पातळीखाली अखंड खडकाचा गाभा मिळाला होता, आणि निविदेच्या मुदतीत स्वतंत्र बोअर घेणे व्यवहार्य नव्हते. बोअर लॉगमध्ये तांबड्या मातीचा उल्लेख असेल, तर दावा तिथेच कमकुवत होतो. तो उल्लेख आपणच आधी शोधलेला बरा.

वेळेच्या परिणामाचे निवेदन म्हणजे पत्रांची तारीखवार यादी नव्हे. ११ डिसेंबरपर्यंतची खरी प्रगती भरून वेळापत्रक अद्ययावत करावे, त्यात बोअर, ड्रॉइंग आणि जास्तीचे खोदकाम ही नवी कामे योग्य ठिकाणी जोडावीत आणि पूर्णत्वाची तारीख किती सरकते ते पाहावे. पी-२ ला १७ दिवसांचा फ्लोट, म्हणजे पूर्णत्वाची तारीख न सरकता उशीर चालेल इतकी सवड, होती, म्हणून २८ डिसेंबरपर्यंत पूर्णत्वावर परिणाम झाला नाही. ६१ मधून १७ वजा करून उरतात ४४ दिवस, आणि मुदतवाढ तेवढीच मागता येते. पूर्ण ६१ दिवस मागणाऱ्याचे उरलेले निवेदनही संशयाने वाचले जाते.

याच काळात २० ते २९ जानेवारी कंत्राटदाराचा स्वतःचा काँक्रीट बनवणारा बॅचिंग प्लांट बंद होता आणि त्याने तितकाच क्रिटिकल, म्हणजे उशीर झाल्यास पूर्णत्वच सरकवणारा, पी-३ ही अडला. हे लपवणे ही मोठी चूक आहे, कारण दैनंदिन अहवालातून ते बाहेर येतेच. सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या २०१७ च्या प्रोटोकॉलच्या भूमिकेनुसार अशा दुहेरी विलंबाच्या दिवसांची मुदतवाढ मिळते, मात्र मालकाच्या जोखमीतल्या विलंबाचा वेगळा खर्च दाखवता येत नसेल तर भरपाई मिळत नाही. म्हणून पैशांसाठी ३४ दिवस उरतात.

सर्वांत जास्त पैसे मात्र पुढच्या चुकीत जातात. मुदत शेवटी वाढली म्हणून कंत्राटदार शेवटच्या ४४ दिवसांचा साइटखर्च लावतो. तोवर माणसे कमी झालेली असतात आणि खर्च दिवसाला २१,००० रुपये असतो, म्हणजे ९,२४,००० रुपये. याच प्रोटोकॉलनुसार खर्च विलंबाचा परिणाम जाणवला त्या काळाचा धरायचा. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत पूर्ण ताफा साइटवर होता आणि वेळेवर अवलंबून खर्च दिवसाला ३८,००० रुपये होता. त्या दराने ३४ दिवसांचे १२,९२,००० रुपये होतात. कमी दिवस मागूनही रक्कम वाढली, आणि ती पगारपत्रक, भाडेपावत्या व साइट ऑफिसच्या बिलांवरून पडताळता येते.

या रकमेत जास्तीच्या खोदकामाचा खर्च पुन्हा घालू नये. तो बदललेल्या कामाच्या बिलात येतो. स्वतःच्या मालकीचे यंत्र उभे असेल तर त्याला भाड्याचा पूर्ण दर लावू नये, आणि न जळालेले डिझेल तर मुळीच धरू नये. अनपेक्षित जमिनीसारख्या परिस्थितीसाठीचे कलम ४.१२ खर्च देते, नफा देत नाही. त्यामुळे नफ्याची टक्केवारी असलेला तक्ता परत येण्याआधीच ती ओळ काढून टाकावी.