आखडलेली कंबर आणि पुढे वाकण्याची घाई : या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात, तेव्हा अडत दुकानातील हिशेबनीस सकाळी दहाला संगणकासमोर बसतो तो जेवणाची सुट्टी सोडली तर सहापर्यंत उठत नाही. अशा चाळिशीतल्या एका माणसाचे उदाहरण घेऊ. कंबर आखडली म्हणून तो संध्याकाळी खुर्चीतून उठल्याबरोबर गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरतो. क्षणभर मोकळे वाटते, पण दुसऱ्या दिवशी उठताना कंबर पुन्हा धरलेली असते.

येथे चूक व्यायामाच्या दिशेची आहे. पाठीला पोक काढून बसल्याने कंबरेचे मणके दिवसभर पुढेच वाकलेले असतात आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध ताणलेले राहतात; त्यावर लगेच आणखी पुढे वाकल्याने त्याच भागावर पुन्हा ताण येतो. त्याऐवजी उभे राहून तळहात कंबरेवर टेकवावेत आणि गुडघे न वाकवता सावकाश मागे झुकून परत सरळ व्हावे. असे पाच-सहा वेळा पुरते. मात्र मागे झुकल्यावर पायात कळ उतरत असेल, जे उतारवयात मणक्यातील जागा अरुंद झालेल्यांना होऊ शकते, तर हा व्यायाम थांबवावा.

दुसरी चूक जांघेच्या स्नायूंबाबत होते. बसल्यावर हे स्नायू आखूड स्थितीत राहतात. ते ताणण्यासाठी एक पाय मागे टाकून उभे राहावे, मागच्या बाजूचा नितंब घट्ट आवळावा आणि धड सरळ ठेवून अंग किंचित पुढे न्यावे. वीस ते तीस सेकंद थांबून पाय बदलावा. बहुतेक जण नितंब आवळण्याचे विसरतात आणि कंबरेला बाक देतात. ताण मांडीच्या वरच्या भागात, पुढच्या बाजूला जाणवला तर व्यायाम बरोबर चालला आहे; कंबरेत टोचले तर बाक आला आहे, असे समजावे.

तिसरी चूक वेळेची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महागात पडते. संध्याकाळी वीस मिनिटे ताणून दिवसभराचे बसणे भरून निघत नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने एक-दोन मिनिटे उठावे. व्यापाऱ्यांचे फोन उभ्यानेच घ्यायचे असे या हिशेबनिसाने ठरवले, तर कामात खंड न पडता त्याच्या बऱ्याच विश्रांत्या साधतील.

पुढे वाकताना मांडीच्या मागे ओढ बसणे साधारण असते. पण पोटरीत किंवा पावलात मुंग्या आल्या, विजेसारखी चमक गेली आणि हनुवटी छातीला लावल्यावर ती वाढली, तर तो स्नायूचा नव्हे, नसेचा त्रास असण्याची शक्यता अधिक असते. अशी नस ओढून मोकळी होत नाही, उलट चिडते. म्हणून ताणणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. पायातील जोर कमी झाला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.