ऑनलाइन म्हैस खरेदी करताना या चुका टाळा : गाडीभाडे आणि विम्याच्या नावाखाली होणारी लूट

फेसबुकवर किंवा जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर एक जाहिरात दिसते. काळीभोर, वळणदार शिंगांची मुऱ्हा म्हैस, भरलेली कास, शेजारी फेसाने काठोकाठ भरलेली बादली. मजकूर असा असतो : दुसरे वेत, 16 लिटर दूध, किंमत 45,000 रुपये, हरियाणातून घरपोच, म्हैस दावणीला बांधल्यावरच पैसे द्या. हे शेवटचे वाक्य वाचून अनेक दूध उत्पादक निर्धास्त होतात, कारण मुख्य रक्कम आधी द्यायची नसल्यामुळे फसवणुकीला जागाच उरली नाही असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात विक्रेत्याला त्या 45,000 रुपयांशी काही देणेघेणे नसते. त्याला हवी असते ती मधल्या काळातली छोटी छोटी रक्कम, आणि म्हशीचा फोटो ही केवळ ती मागण्याची सबब असते.

हा व्यवहार कसा पुढे सरकतो हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जाहिरातीवरील क्रमांकावर फोन केला. समोरचा माणूस अदबीने बोलतो, डेअरीचे कार्ड, आधार कार्ड आणि जीएसटी प्रमाणपत्राचे फोटो पाठवतो आणि बुकिंगसाठी 2,100 रुपये मागतो. नंतर गाडीभाड्याची आगाऊ रक्कम म्हणून 4,500 रुपये घेतो आणि पिकअपमध्ये चढवलेल्या म्हशीचा फोटो पाठवतो. दुसऱ्या दिवशी चालक म्हणवणाऱ्याचा फोन येतो : गाडी सीमेवर अडवली आहे, विम्याचा कागद नाही, 6,800 रुपये भरा, म्हैस उतरवताना परत मिळतील. ते भरल्यावर परवान्याचे 9,500 रुपये निघतात. एव्हाना 22,900 रुपये गेलेले असतात आणि पुढची मागणी तयार असते. आता थांबलो तर आधीचे बुडतील, या भीतीने माणूस पुढचा हप्ता भरतो. प्रत्येक मागणी आधीच्यापेक्षा मोठी का असते, याचे उत्तर या भीतीतच आहे.

पहिली चूक : गाडीभाड्याचा हिशेब न मांडणे

रोहतक, हिसार, जिंद हा मुऱ्हा म्हशींचा मूळ पट्टा आहे आणि तिथून सोलापूर रस्त्याने दीड हजार किलोमीटरपेक्षाही लांब आहे. पिकअप लिटरला 10 किलोमीटर चालते आणि डिझेल 90 रुपये लिटर आहे असे धरले, तरी केवळ एका फेरीचे डिझेल साडेतेरा हजारांच्या वर जाते. टोल, चालकाचा खर्च आणि गाडीचा परतीचा प्रवास वेगळाच. मग एकट्या म्हशीचे भाडे 4,500 रुपये कसे असेल? खरे व्यापारी एका ट्रकमध्ये अनेक जनावरे आणतात आणि भाडे वाटून घेतात, त्यामुळे ते एका म्हशीसाठी लगेच गाडी सोडत नाहीत. किमतीचेही तेच. खरोखर 16 लिटर देणारी मुऱ्हा लाखाच्या पुढे जाते आणि तिच्या गावातच तिला गिऱ्हाईक असते.

वेळेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. दुभत्या म्हशीची दिवसातून दोनदा धार काढावी लागते, तिला वाटेत पाणी आणि वैरण लागते, म्हणून इतक्या लांबच्या प्रवासाला दोन-तीन दिवस सहज लागतात. सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी महाराष्ट्राच्या सीमेवर पोचल्याचे कोणी सांगत असेल, तर त्याला एवढेच विचारावे की आज धार कुठे काढली आणि कोणी काढली. ज्याच्या गाडीत म्हैस नाही, त्याला या प्रश्नाचे धड उत्तर देता येत नाही.

दुसरी चूक : विम्याच्या मागणीवर विश्वास ठेवणे

माझ्या मते या साखळीतली सर्वांत सहज ओळखता येणारी खोटी कडी हीच आहे. जनावराचा विमा उतरवताना पशुवैद्यक त्याची तपासणी करतात, वय, वेत आणि दुधावरून बाजारमूल्य ठरवतात, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक नोंदवतात आणि बिल्ला दिसेल असा फोटो घेतात. विमा मालकाच्या नावाने निघतो आणि हप्ता विमा कंपनीकडे जमा होऊन त्याची पावती मिळते. तो चालकाच्या किंवा त्याच्या मेहुण्याच्या यूपीआय खात्यावर जात नाही. शिवाय हप्ता हा जोखमीचा मोबदला असल्याने जनावर सुखरूप पोचले म्हणून परत मिळत नाही. त्यामुळे ‘विम्याचे पैसे उतरवताना परत’ असे कोणी म्हणाले की व्यवहार तिथेच थांबवावा.

वाहतुकीसाठी मात्र एक कागद खरोखर लागतो. 1978 च्या जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांनुसार जनावर प्रवासाला योग्य असून त्याला संसर्गजन्य रोग नाही, असे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत हवे. हे प्रमाणपत्र गाडी भरण्यापूर्वी घ्यायचे असते. गाडी निघाल्यावर रस्त्यात त्याचे पैसे मागितले जात असतील, तर मुळात गाडीच निघालेली नाही.

तिसरी चूक : फोटो पाहून समाधान मानणे

फोटो आणि चित्रफिती दुसऱ्या कोणाच्या तरी गोठ्यातल्या असतात. गूगल लेन्सवर फोटो टाकल्यास तोच फोटो वेगवेगळ्या गावांच्या नावाने अनेकदा सापडतो, पण न सापडल्यामुळे तो खरा ठरत नाही. त्यापेक्षा थेट व्हिडिओ कॉलचा आग्रह धरावा आणि आपण सांगू ते करायला लावावे : कानातला पिवळा बिल्ला जवळून दाखवा, चारही सडांतून धार काढून दाखवा, रेडकू सोडा. नेटवर्क नाही, मालक शेतात गेले आहेत, अशी कारणे दोनदा आली की पुढे जाऊ नये.

बिल्ल्यावरचा 12 अंकी क्रमांक गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्याची नोंद पाहण्याची विनंती करावी. जाहिरातीत सात वर्षांची मुऱ्हा आणि नोंदीत तीन वर्षांची गाय असेल, तर प्रश्न मिटला. महाराष्ट्रातल्या बाजारांतही 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, त्यामुळे ‘बिल्ला गाडीत चढवताना मारू’ हे उत्तर मान्य करू नये. तरीही अंतिम खात्री गोठ्यात उभे राहूनच होते. जाणकार खरेदीदार सलग तीन धारा स्वतः पाहतात, कारण आधीची धार चुकवून दूध तुंबवलेले असेल तर पहिल्या बादलीवरून काहीच कळत नाही.

कुत्र्यांच्या पिल्लांच्या जाहिरातींत हाच प्रकार पेटी, विमानभाडे आणि लसीकरणाच्या नावाने चालतो. 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, म्हणून महिन्याभराचे पिल्लू घरपोच देऊ करणाऱ्याशी बोलणे वाढवू नये.

पैसे गेले असतील तर

त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर फोन करावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळवण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते, त्यामुळे विक्रेत्याशी वाद घालण्यात तास घालवू नयेत. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, व्हॉट्सॲपवरील संभाषण, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे घेणाऱ्याचे खात्यावर दिसलेले नाव जपून ठेवावे. लाजेपोटी संभाषण पुसून टाकणारे बरेच जण असतात, आणि तपासाला नेमके तेच लागते. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून क्रमांक घेतलेल्याचा असतो. पैसे मिळवण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, म्हणून पिन मागणारी विनंती नाकारावी आणि तो नवा क्रमांकही आधीच्या तक्रारीत जोडावा.