‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ वाचताय? पुराणातल्या संदर्भांच्या बाबतीत या चुका टाळा

सलमान रश्दींची ही कादंबरी १९८१ला आली, त्याच वर्षी तिला बुकर मिळालं, आणि तिचा बराचसा भाग आपल्या मुंबईतच घडतो, वॉर्डन रोड, ब्रीच कँडी, चौपाटीवरचं गणपती विसर्जन, सगळं आहे त्यात. त्यामुळे मराठी वाचकाला वाटतं की यातले गणपती, शिव, पार्वती आपल्याला वेगळे शोधायला नकोत. माझ्या मते खरी गडबड इथेच होते. ज्याला गणपती माहीत नाही तो निदान थांबून शोधतो तरी, आपण नाव ओळखीचं दिसलं की पुढे सरकतो. (खाली शेवटापर्यंतचं कथानक येणार आहे, वाचायची असेल तर आधी वाचून या.)

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे निवेदक सांगतो ते पुराण बरोबरच असणार असं धरून चालणं. गोष्ट सांगणारा सलीम सिनाई, जन्म १५ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्रीचा. तो लिहितो आणि पद्मा नावाची बाई रोज समोर बसून ऐकते. एकदा पद्मा रागावून निघून जाते तेव्हा सलीम वैतागून म्हणतो की वाल्मीकी रामायण सांगत होते तेव्हा गणेश काय अर्ध्यात उठून गेला का, आणि लगेच वर हेही सांगतो की मी मुसलमान घरातला असलो तरी मुंबईकर आहे, हिंदू गोष्टी मला चांगल्या ठाऊक आहेत. आता थांबा इथे. गणपतीने लिहून घेतलं ते महाभारत, सांगणारे व्यास. आपल्याकडे शाळकरी पोरालाही हे माहीत असतं, पण वाचण्याच्या ओघात डोळा सरळ पुढे जातो.

ज्यांच्या लक्षात येतं ते मग दुसरी चूक करतात, ‘लेखकाला एवढंही माहीत नाही’ म्हणून पुस्तक बाजूला ठेवतात. रश्दींनी या चुकांवर नंतर एक वेगळा निबंध लिहिलाय, त्यात हेच उदाहरण घेऊन स्पष्ट म्हटलंय की इथे सलीम चुकतोय. आणि तो निबंध वाचला नसला तरी खुणा कादंबरीतच आहेत. एक तर चूक आणि ‘मला सगळं माहीत आहे’ हा दावा अगदी शेजारीशेजारी ठेवलेत. दुसरं, गांधीजींच्या हत्येची तारीख आपण चुकवली हे सलीम दुसरीकडे स्वतःच कबूल करतो आणि तरी ती तशीच राहू देतो. म्हणजे हा माणूस आठवणीतून देश उभा करतोय, आणि आठवण चुकते. संदर्भ चुकीचा दिसला की आधी बघा, चूक कोणाच्या तोंडी आहे, त्या पात्राची अशी चूक आधी झालीय का, आणि चुकण्याआधी-नंतर तो काय दावा करतोय.

मूळ गोष्ट आठवली तर अजून एक दार उघडतं. गणपतीची अट अशी की माझी लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांची उलट अट अशी की समजल्याशिवाय लिहायचं नाही, म्हणून मग व्यास मधेमधे कूट श्लोक टाकत गेले, तो विचार करेपर्यंत यांचे पुढचे श्लोक तयार. पद्मा नेमकं हेच करते ना, ‘पुढे काय झालं’ म्हणून घाई करते आणि कळलं नाही की अडवते. फक्त तिला लिहितावाचता येत नाही. गणपतीचं अर्धं काम पद्माकडे, लेखणी सलीमकडे, आणि ते भलंमोठं नाकही सलीमकडेच. (जाता जाता, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ही गणेशाची गोष्ट मुख्य संहितेत घेतलेली नाही, ती नंतरची भर मानलीय. तेव्हा ‘मूळ’ शोधतानाही जरा जपून.)

याच्या बरोबर उलटी चूक पद्माच्या नावावर होते. पद्मा म्हणजे कमळाची देवी, लक्ष्मी, इथवर ठीक, पण सलीम म्हणतो की गावाकडचे लोक या देवीला शेण बाळगणारी म्हणतात. बऱ्याच जणांना ही टवाळी वाटते, लेखकाने मुद्दाम केलेला अपमान वाटतो. पण श्रीसूक्त काढून बघा, घरोघरी म्हटलं जातं ते, ‘गंधद्वारां दुराधर्षां नित्यपुष्टां करीषिणीम्’. करीष म्हणजे सुकं शेण, गोवरी. शेण म्हणजे गुरंढोरं, खत, शेताची समृद्धी, म्हणून ते लक्ष्मीचं. म्हणजे साधं वाटलं ते चुकीचं निघालं आणि रचलेलं वाटलं ते खरं निघालं. त्यामुळे राग आला किंवा ‘हे तर माहीतच आहे’ असं वाटलं, की दोन्ही वेळा पेन्सिलने खूण करा. प्रकरण संपल्यावरच शोधा. दर ओळीला मोबाइल काढलात तर हे लांबलचक वाक्यांचं पुस्तक हातातून सुटतं.

आता सगळ्यात घोळाची जागा, कादंबरीतली शिव आणि पार्वती ही पात्रं. शिव म्हणजे शंकर, पार्वती म्हणजे पार्वती, त्यांचं मूल म्हणजे गणपती, संपलं, असं जोडून टाकलं की कादंबरी हातात येतच नाही. जुळतं काय ते आधी लिहा: मूल झालंय शिव आणि पार्वतीला, त्याचे कान प्रचंड मोठे, सलीमलाही त्यात गजमुख दिसतं. मग जुळत नाही ते लिहा, कारण मजा तिथेच आहे. पुराणात पार्वती आपल्या अंगाच्या मळापासून एकटीच मुलगा घडवते, शंकर त्याला ओळखत नाही, डोकं उडवतो, मग हत्तीचं डोकं बसवून त्याला आपलंसं करतो. म्हणजे तिथे शंकर रक्ताचा बाप नाही पण बाप होतो. इथे शिव रक्ताचा बाप आहे आणि पोटुशी पार्वतीला सोडून जातो, आणि बाप होतो सलीम, ज्याचं त्या मुलाशी रक्ताचं नातं नाही.

बरं, इथेही थांबायचं नाही. जन्माच्या रात्री प्रसूतिगृहातल्या मेरी परेराने सलीम आणि शिवची अदलाबदल केलेली, तेव्हा सिनाईंचा रक्ताचा मुलगा शिवच. म्हणजे त्याचं हे पोर सिनाई घराण्याचं खरं रक्त, जे एक पिढी बाहेर राहून परत घरात आलं. हे मूल जन्मतं २५ जून १९७५ला मध्यरात्री, आणीबाणी लागते त्याच क्षणी, आणि कितीतरी दिवस बोलत नाही, नुसतं ऐकतं. मोठ्या कानांचा अर्थ इथे उतरतो. दोन रकाने करा कागदावर, जुळणारं आणि न जुळणारं, आणि दुसरा रकाना रिकामा राहिला तर समजा अजून नीट वाचलेलं नाही.

शेवटची चूक आपल्याकडे फार होते, सगळं फक्त हिंदू पुराणातच शोधणं. स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीच्या तासात जन्मलेली मुलं एक हजार एक, तो आकडा अरबी सुरस कथांचा, आणि मरण येण्याआधी गोष्ट संपवायची सलीमची धडपडही तिथलीच, शहरजादेची. त्याचे आजोबा आदम अझीझ १९१५मध्ये काश्मीरच्या गोठलेल्या जमिनीवर नमाज पढताना नाक आपटून घेतात, नमाज सोडतात, पुढे काश्मीर सोडतात. आदम आणि स्वर्गातून बाहेर पडणं, ही गोष्ट कुराणातही आहे आणि बायबलातही. आणि त्या मोठ्या कानांच्या पोराचं नाव काय ठेवतात, तर आदमच. कान गणपतीचे, नाव आदमचं, त्यामुळे त्याच्यासाठी वहीत दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवा, एक खोडून दुसरी लिहू नका.